बॅटरीचं पाणी जातं कुठे? इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकण्याची आणि ते मोजण्याची पद्धत

सांगली-मिरजेकडच्या बहुतेक घरांत इन्व्हर्टरची बॅटरी जिन्याखाली, देवघराशेजारी किंवा पॅसेजच्या कोपऱ्यात असते. साधारण १५० एएचची, उंच, पाण्याची ट्यूब्युलर बॅटरी. आत सहा सेल, म्हणजे सहा वेगळे कप्पे, वर त्यांची सहा झाकणं आणि प्रत्येकात पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती काडी. वर्षातून दोन-तीनदा कुणीतरी झाकणं उघडतं, कॅन वाकडा करून डोळ्यांनी अंदाजे पाणी ओततं आणि झाकणं लावून टाकतं. यात पाणी भरलं जातं, पण बॅटरी काय सांगत होती ते वाया जातं. कुठल्या सेलने किती मिली पाणी खाल्लं हे लिहून ठेवलं, तर चार्जरची, उन्हाळ्याची आणि बॅटरीच्या वयाची खबर त्याच आकड्यांतून मिळते. म्हणून इथे पाणी टाकायची पद्धत मोजमापासकट दिली आहे.

पाणी वाफ होऊन जात नाही

पाणी उन्हाने आटतं असा सर्रास समज आहे. थोडं आटतंही, पण मुख्य कारण वेगळं आहे. प्लेटा पूर्ण चार्ज होत आल्या की पुढे येणाऱ्या करंटला करायला काम उरत नाही. मग तो पाणीच फोडायला लागतो. निगेटिव्ह प्लेटवर हायड्रोजन सुटतो, पॉझिटिव्हवर ऑक्सिजन, आणि दोन्ही वायू झाकणाच्या भोकांतून निघून जातात. मेकॅनिक ‘बॅटरी उकळतेय’ म्हणतात ते हेच, मात्र ते उकळणं उष्णतेचं नव्हे, करंटचं. साधारण खोलीच्या तापमानाला सेलमागे २.३५ ते २.४ व्होल्टच्या आसपास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीवर १४.१ ते १४.४ व्होल्टला हे जोरात सुरू होतं. त्याखाली थांबत नाही, फक्त मंद होतं.

याचा हिशोब पक्का आहे. जास्तीचा प्रत्येक १ एएच, म्हणजे तासभर वाहिलेला १ अॅम्पिअर करंट, एका सेलमधलं ०.३३६ ग्रॅम पाणी फोडतो. सोपं करून सांगायचं तर ३ एएचला १ मिली. सहा सेल एकाच ओळीत जोडलेले असल्याने तोच करंट सहाही सेलमधून जातो, म्हणून १ एएचला अख्ख्या बॅटरीचं २ मिली पाणी जातं. सेलमागे ३ एएचला १ मिली हा आकडा पुढे लागणार आहे.

हे वायू सुटणं, म्हणजे गॅसिंग, थोडं हवंच असतं. चार्जिंगमध्ये प्लेटांतून निघणारं दाट अॅसिड जड असल्याने तळाला बसतं, आणि उंच ट्यूब्युलर बॅटरीत तर जास्तच. बुडबुडे वर जाताना ते ढवळून काढतात. तेव्हा ‘पाणी अजिबात कमी होऊ नये’ म्हणून चार्जिंग व्होल्टेज पाडून ठेवणारे शहाणपण करत नाहीत. तळाशी दाट आणि वर पातळ अॅसिड राहिलं की प्लेटांचा खालचा भाग आधी खराब होतो.

जातं ते फक्त पाणी. अॅसिड आतच राहतं, बारीक तुषारांबरोबर थोडंसं उडतं तेवढंच. म्हणून भरायचं तेही फक्त पाणी. ‘बॅटरी उतरली, जरा अॅसिड टाका’ असा सल्ला देणारे आजही भेटतात. अॅसिड टाकल्यावर द्रावणाचा दाटपणा मोजणारा हायड्रोमीटर छान आकडा दाखवतो, पण प्लेटांत अडकलेलं अॅसिड सुटत नाही, आणि दाट झालेलं द्रावण पॉझिटिव्ह प्लेटांची जाळी खात राहतं.

कुठलं पाणी

दुकानात मिळणारं डिस्टिल्ड किंवा डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, वॉटर. कॅनवर ते बॅटरीसाठी असल्याचं छापलेलं हवं. भारतीय मानकात बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस १०६९ आहे, तो उल्लेख असेल तर उत्तम. घरी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएसचं पेन असेल तर बुडवून पाहा. चांगलं पाणी शून्य ते दोन-चार दाखवतं.

कृष्णेचं नळाचं पाणी पिण्याला गोड असलं तरी बॅटरीला चालत नाही, आणि नदीकाठच्या खारवट जमिनीतल्या बोअरचं तर मुळीच नाही. कारण वायू उडून जातो, क्षार मात्र आत राहतात. दर भरणीला नवे क्षार, आणि बाहेर जायला वाट नाही. क्लोराईड पॉझिटिव्ह प्लेटांची जाळी कुरतडतं. लोहाचं वागणं आणखी खोडसाळ आहे. ते पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह प्लेटांमध्ये ये-जा करत दोन्हींचा चार्ज गुपचूप संपवतं, म्हणून बॅटरी नुसती ठेवली तरी उतरते. चुना जिप्सम होऊन साचतो. एकदा नळाचं पाणी टाकलं म्हणून बॅटरी दुसऱ्या दिवशी मरत नाही, आणि त्यामुळेच ‘आमची तर चालतेय की’ म्हणायला जागा राहते.

आरओचं पाणी? बहुतेक घरगुती आरओ चवीसाठी टीडीएस ३० ते १०० च्या दरम्यान ठेवतात. ते डिस्टिल्ड नव्हे. एसीतून गळणारं पाणी पेनवर कमी आकडा दाखवतं, पण ते तांब्याच्या नळ्या, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि धूळ धुऊन आलेलं असतं. पाच लिटरच्या कॅनची किंमत बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नाही, त्यामुळे या तडजोडीत अर्थ नाही.

पाणी टाकण्याआधी

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, प्लॅस्टिकचं छोटं नरसाळं, मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज (सुई नको), रबरी हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, जुने सुती कपडे, बादलीभर साधं पाणी, आणि खाण्याचा सोडा घातलेलं एक भांडं पाणी. हायड्रोमीटर असेल तर फारच चांगलं. तांब्या, स्टीलचा चमचा, पत्र्याचं नरसाळं वापरायचं नाही. धातूचा अंश आत जातो आणि भांडं टर्मिनलवर पडलं तर ठिणगी उडते.

आता वेळेचं. पाणी टाकायचं ते बॅटरी पूर्ण चार्ज असताना. चार्जिंगमध्ये द्रावण फुगतं आणि बुडबुड्यांमुळे पातळी आणखी चढते. उतरलेल्या बॅटरीत काठोकाठ पाणी भरून चार्जिंग लावलं की झाकणातून अॅसिड उतू जातं. ते अॅसिड परत येत नाही. पुढे कितीही पाणी टाका, त्या सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे द्रावणाचा दाटपणा, कायमची घसरलेली राहते, आणि वर टर्मिनलवर पांढरा-हिरवट खार साचतो. एकच अपवाद आहे. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या जेमतेम बुडतील एवढंच पाणी टाका, बॅटरी पूर्ण चार्ज करा, आणि मग खुणेपर्यंत भरा.

इन्व्हर्टरचा समोरचा स्विच बंद केल्याने चार्जिंग थांबत नाही, हे नवख्यांना माहीत नसतं. भिंतीतला प्लग काढा. मग झाकणं न उघडता, खोलीची दारं-खिडक्या उघडी ठेवून अर्धा तास थांबा. शेजारी देवघर असेल तर निरांजन आणि उदबत्ती विझवा. आत किती पाणी आहे ते बघायला काडी पेटवणं किंवा लायटर लावणं म्हणजे अपघाताला बोलावणं आहे. टॉर्च वापरा, आणि तोही आधी लांबच सुरू करा. अंगठी, धातूचं घड्याळ, लोंबती साखळी काढून ठेवा.

वायूबद्दलची ही काळजी उगीच नाही. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेटू शकतो. समजा बंद लाकडी कपाटात बॅटरी आहे, आतली मोकळी जागा ५०० लिटर. चार्जिंगच्या शेवटी ५ अॅम्पिअर करंट फक्त पाणी फोडण्यात जातोय. दर एएचला प्रत्येक सेलमधून साधारण ०.४५ लिटर हायड्रोजन निघतो, म्हणजे सहा सेलमधून तासाला साडेतेरा लिटर. ५०० लिटरचे ४ टक्के म्हणजे २० लिटर. कपाट खरोखर हवाबंद असेल तर दीड तासात ती हद्द गाठली जाते. हायड्रोजन हलका असल्याने वरच्या कोपऱ्यात आधीच दाटतो. म्हणून कपाटाला खाली हवा यायला आणि अगदी वर बाहेर जायला अशी दोन्हीकडे भोकं हवीत. नुसती खालची जाळी पुरत नाही.

पाणी टाकताना

आधी बॅटरीचा वरचा भाग ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर झाकण काढताच धूळ आत पडते. कोरड्या फडक्याने घासू नका, त्याने स्थिर वीज तयार होते. सोड्याचं पाणी टर्मिनलवरचा खार काढायला आहे, पण झाकणं बंद असताना. ते थेंबभरही आत गेलं तर आतलं अॅसिड निकामी करतं.

सेलना पॉझिटिव्ह टर्मिनलकडून १ ते ६ नंबर द्या आणि वहीत तसे सहा रकाने आखा. एका वेळी एकच झाकण काढा. हायड्रोमीटर असेल तर पाणी टाकण्याआधी ग्रॅव्हिटी घेऊन लिहा. पाणी टाकल्यावर लगेच घेतलेला आकडा खोटा असतो, कारण ताजं हलकं पाणी वर तरंगत असतं आणि हायड्रोमीटर तेच ओढतो.

मग सिरिंजने मोजत पाणी टाका. काडीवरची वरची खूण दिसली की थांबा. काडी नसेल आणि पारदर्शक पट्टीही नसेल, तर बॅटरीच्या अंगावर छापलेली वरची रेघ पाळा. ‘थोडं जास्त टाकू, पुन्हा लवकर नको’ हा मोह आवरायचा, उतू जाण्याचं कारण तोच असतो. काडी कधीकधी अडकते, म्हणून बोटाने हलकेच दाबून ती मोकळी वरखाली होते ना ते आधी बघा. त्या सेलला किती मिली लागलं ते लगेच लिहा. सहा झाले की लिहू म्हटलं तर चौथ्याचा आकडा पाचव्याच्या नावावर पडतो.

सगळी झाकणं घट्ट लावा, वरून पुन्हा पुसा, प्लग लावा. बॅटरी निदान काही तास चार्जिंगवर राहू द्या, म्हणजे बुडबुडे नवं पाणी ढवळून घेतील. खरी ग्रॅव्हिटी दुसऱ्या दिवशी, पूर्ण चार्जनंतर बघा. ट्यूब्युलर इन्व्हर्टर बॅटरीला २७ अंशांना ती साधारण १.२४० ते १.२५० असते. दुकानदार त्यालाच ‘बाराशे चाळीस’ म्हणतात. मे महिन्यात द्रावण ३७ अंशांवर असेल तर दिसणाऱ्या आकड्यात ०.००७ मिळवा.

अॅसिड हातावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून थेट डॉक्टरांकडे जा. डोळ्यात सोडा घालायचा नाही.

वहीतले आकडे वाचायचे कसे

एक उदाहरण नीट बघू. समजा विश्रामबागेतलं एक घर, १५० एएचची बॅटरी, वय तीन वर्षं. नोव्हेंबरच्या १० तारखेला खुणेपर्यंत भरली होती. फेब्रुवारीअखेर, म्हणजे ११० दिवसांनी, प्रत्येक सेलला ८० ते ९० मिली लागलं. ८५ मिली धरू. ३ एएचला १ मिली या हिशोबाने साधारण २५५ एएच जास्तीचा करंट गेला. दिवसाला २.३ एएच, म्हणजे सरासरी ०.१ अॅम्पिअर. दिवसरात्र चार्जिंगवर बसलेल्या बॅटरीला हे अगदी शोभेल असं आहे. सहाही सेल जवळपास सारखे, म्हणजे काळजीचं काही नाही.

मेच्या मध्यात, ७५ दिवसांनी, पुन्हा झाकणं उघडली. सेल १ ला २१० मिली, २ ला २०५, ३ ला २१५, ४ ला ५०, ५ ला २१० आणि ६ ला २१०. पाहणाऱ्याला पहिल्यांदा वाटेल की चौथा सेल गुणी, बाकीचे पाच खादाड. पण उलट आहे.

२१० मिली म्हणजे ६३० एएच, दिवसाला ८.४ एएच, सरासरी ०.३५ अॅम्पिअर. फेब्रुवारीच्या साडेतीन पट. यातला काही भाग उन्हाळ्याचा आहे. व्होल्टेज तेच ठेवून बॅटरी १० अंशांनी तापली की असा करंट ढोबळमानाने दुप्पट होतो. सांगलीतल्या मेच्या गरमीत, जिन्याखालच्या कोंदट जागेत, दुप्पट समजून घेता येते. साडेतीन पट नाही.

उरलेलं उत्तर ग्रॅव्हिटीच्या रकान्यात होतं. पाणी टाकण्याआधी पाच सेल १.२६५ च्या आसपास, कारण पाणी कमी झाल्याने अॅसिड दाटलेलं. चौथा १.१६०. या सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट झालाय. पॉझिटिव्ह प्लेटांतून झडलेला गाळ तळाशी साचून किंवा मधला सेपरेटर फाटून प्लेटा एकमेकींना टेकल्या आहेत, आणि करंट पाणी न फोडता तिथूनच निसटतो. म्हणून त्याला पाणी लागत नाही. चार्जरला हे कळत नाही. तो आपले १३.७ व्होल्ट देत राहतो. सहा निरोगी सेलमध्ये ते प्रत्येकी २.२८ वाटले गेले असते. चौथा २.० वर बसला की उरलेले ११.७ पाचांत वाटले जातात, प्रत्येकी २.३४. एवढ्या फरकानेच ते गॅसिंगच्या उंबरठ्यावर येतात आणि दिवसरात्र मंद उकळत राहतात.

अशा बॅटरीत पाणी भरत राहिलं तर पाच चांगले सेलही काही महिन्यांत जातात. वॉरंटीत असेल तर हे सहा-सहा आकडे घेऊन डीलरकडे जा. नुसतं ‘बॅकअप कमी झाला’ म्हणण्यापेक्षा त्याला नाही म्हणणं जड जातं.

सगळ्याच सेलचा खप सारखा वाढला असेल तर संशय चार्जरवर घ्या. इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचा छोटा स्विच असतो, तो बॅटरीशी जुळतो का बघा. मग लाईट न जाता एक पूर्ण दिवस चार्जिंग झाल्यावर मल्टीमीटर थेट टर्मिनलवर लावा. १३.५ ते १३.८ दिसायला हवं. दोन दिवसांनीही १४.४ च्या वरच असेल तर चार्जर खाली उतरत नाहीये, आणि तुम्ही पाणी नव्हे, प्लेटा खर्च करताय. व्होल्टेज ठीक असेल आणि खप वर्षावर्षाने हळूहळू वाढत असेल तर ते वय आहे. पॉझिटिव्ह जाळीतलं अँटिमनी सुटून निगेटिव्ह प्लेटवर बसतं आणि तिथे हायड्रोजन सुटणं सोपं होतं. म्हातारी बॅटरी जास्त पाणी पिते ती अशी. तिच्यासाठी तपासणीचा काळ कमी करायचा. तीन महिन्यांनी बघत असाल तर मार्च ते जून दर महिन्याला बघा.

एकाच सेलला इतरांपेक्षा फार जास्त पाणी लागत असेल तर बॅटरीखालचा भाग कोरडा आहे का ते पाहा. डब्याला चीर असेल तर पाण्याबरोबर अॅसिडही जातं. मग दर भरणीनंतर त्या सेलची ग्रॅव्हिटी आणखी खाली येते. गॅसिंगने गेलेल्या पाण्यात असं होत नाही. भरल्यावर ग्रॅव्हिटी आपल्या जागी परत येते.

एक खूण वहीत मावत नाही. बॅटरीजवळ सडक्या अंड्यासारखा वास आला आणि डबा हाताला चटका बसेल इतका गरम लागला, तर पाणी टाकायला बसू नका. प्लग काढा, खिडक्या उघडा, घरातल्यांना बाहेर काढा. तो वास विषारी हायड्रोजन सल्फाईडचा असतो आणि बॅटरी बेसुमार चार्ज होत असल्याचा. झाकण उघडून आत बघायचं ते ती पूर्ण थंड झाल्यावर, आणि प्लेटा उघड्या पडल्या असतील तर गरम प्लेटांवर गार पाणी ओतण्याऐवजी मेकॅनिकला बोलवा.

पुरात बुडालेल्या बॅटरीचं गणित निराळं आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीत घरांत शिरलेलं पाणी गाळाचं होतं. बॅटरी तशा पाण्याखाली गेली असेल तर झाकणांच्या भोकांतून ते आत गेलेलं असणार. मग पातळी खुणेवर दिसली तरी ती पुराच्या पाण्याची असते. अशी बॅटरी चार्जिंगला लावू नका, वरून डिस्टिल्ड वॉटर टाकून ती शुद्ध होत नाही. जुन्या बॅटऱ्या परत घेणाऱ्या डीलरकडे ती उभीच्या उभी, न उपडी करता पोहोचवा.